‘यांच्या मते’ची रांग कशी मोडायची?

*नमस्कार ताई,*

*मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली गायरानं आणि पाणीवाटप यावर पीएचडी करतेय. थिसिस मराठीत आहे, सायटेशन एपीए स्टाइलने. साहित्य आढाव्यात मी सगळीकडे ‘अमुक (वर्ष) यांच्या मते’ असं लिहिलं होतं, तर गाइड म्हणाल्या ही नावांची यादी झालीय. मग मी सगळी नावं उचलून वाक्यांच्या शेवटी कंसात टाकली, तर आता म्हणतात यात तुझं काय आणि त्यांचं काय तेच कळत नाही. नाव वाक्यात कधी घ्यायचं आणि कंसात कधी? पहिला ड्राफ्ट पाठवतेय:*

*‘हार्डिन (१९६८) यांच्या मते सामायिक कुरणाचा ऱ्हास अटळ असतो. ऑस्ट्रम (१९९०) यांच्या मते लोक स्वतः नियम करून सामायिक संसाधने टिकवू शकतात. वेड (१९८८) यांच्या मते पाण्याची टंचाई असलेल्या गावांत संघटन जास्त असते. जोधा (१९८६) यांच्या मते गरीब कुटुंबांना सामायिक संसाधनांतून उत्पन्न मिळते.’*

*— दुसऱ्या चॅप्टरमध्ये अडकलेली*

---

अगं, तुझा पॅराग्राफ मी दोनदा मोठ्यांदा वाचला आणि मला वाटतं तुझ्या गाइडचं दोन्ही वेळा बरोबर होतं, फक्त त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होत्या आणि तुला ती एकच तक्रार वाटली. पहिल्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक वाक्याचा मालक एक माणूस आहे, दुसऱ्यात एकाही वाक्याला मालक नाही. हे एकदा सगळं असं आणि एकदा सगळं तसं करून सुटणार नाही, वाक्यागणिक ठरवावं लागेल.

ठरवायचं कसं ते सांगते. नाव वाक्यात आलं, म्हणजे ‘ऑस्ट्रम (१९९०) यांनी दाखवले’, की वाचणाऱ्याचं लक्ष आधी माणसाकडे जातं आणि मग म्हणण्याकडे. नाव कंसात गेलं, म्हणजे वाक्य संपता संपता ‘(ऑस्ट्रम, १९९०)’, की लक्ष म्हणण्यावर राहतं आणि माणूस पुराव्यासारखा मागे उभा असतो. माहिती दोन्हींत तेवढीच आहे. एपीए दोन्ही चालवून घेतं, कुठलं कधी याचा नियम करत नाही, त्यामुळे निर्णय तुझाच आहे. मी स्वतः एक साधी चाचणी वापरते. नावाच्या जागी ‘एका अभ्यासकाने’ असं टाकून पॅराग्राफ परत वाचायचा. काही बिघडलं नाही, पुढचं सगळं तसंच चालू राहिलं, तर ते नाव कंसात जाऊ दे. पण पुढचं वाक्य लंगडायला लागलं, कोण कोणाला उत्तर देतंय तेच कळेनासं झालं, तर त्या नावाला वाक्यात जागा हवी.

आता हे तुझ्या वाक्यांवर लावून बघू.

हार्डिन. इथे ‘एका अभ्यासकाने’ टाकून बघ, लगेच बिघडतं, कारण तुझा अख्खा चॅप्टर याच माणसाशी वाद घालत पुढे जाणार आहे. म्हणजे हार्डिन वाक्यातच हवेत, तुझा अंदाज बरोबर होता. चुकलंय ते ‘यांच्या मते’. त्या १९६८च्या लेखात त्यांनी कुठल्या गावात जाऊन कुरण मोजलेलं नाही, ते वाचणाऱ्याला सांगतात की सगळ्यांना खुलं असलेलं एक कुरण डोळ्यांसमोर आणा, आणि मग एकेक पायरी चढत दाखवतात की प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडेल कारण त्या जनावराचा फायदा त्याच्या एकट्याचा आणि चराईचा तोटा सगळ्यांत वाटलेला. हा युक्तिवाद आहे, कल्पनेतल्या कुरणावर केलेला. तू ‘युक्तिवाद केला’ असं लिहिलंस की वाचणाऱ्याला न सांगता कळतं की इथे फील्डवर्क नाहीये. ‘दाखवून दिले’ लिहिलंस तर तूच त्यांना नसलेला पुरावा बहाल केलास, आणि ‘यांच्या मते’ने यातलं काहीच कळत नाही.

नाव वाक्यात घेतलं की क्रियापद निवडावंच लागतं आणि मराठीत आपण या निवडीतून सुटायला ‘यांच्या मते’चा आधार घेतो, कारण ते वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं की पुढे काहीही जोडता येतं. तुझ्या चारही वाक्यांत तेच झालंय. युक्तिवाद, पाहणी, तुलना, आकडेवारी, सगळ्याचं ‘मत’ झालं. गाइडना यादी वाटली ती याच्यामुळे, नावं सुरुवातीला आहेत म्हणून नाही. क्रियापदं खरी असती तर चारही नावं सुरुवातीला असूनसुद्धा त्यांना एवढं खटकलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

यात जोधांचं वाक्य सगळ्यात जास्त दुखावलं गेलंय. जोधांनी १९८६च्या त्या लेखात सात राज्यांतल्या कोरडवाहू भागातली ऐंशीहून जास्त गावं पाहिली होती आणि गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात सामायिक संसाधनांचा वाटा १४ ते २३ टक्के निघाला होता. हे कोणाचं मत नाहीये गं, हे मोजलेलं आहे. ‘जोधा यांच्या मते उत्पन्न मिळते’ असं म्हटलं की ते उद्या कोणी ‘माझ्या मते मिळत नाही’ म्हणून उडवून लावू शकतं. आणि इथे ‘एका अभ्यासकाने’ची चाचणी लाव, काहीही बिघडत नाही, कारण तुझ्या चॅप्टरला इथे जोधा हा माणूस नको आहे, तो १४ ते २३ टक्क्यांचा आकडा हवा आहे. मग आकडा पुढे येऊ दे, नाव कंसात जाऊ दे:

‘कोरडवाहू भागांतील गरीब कुटुंबांच्या उत्पन्नातील १४ ते २३ टक्के वाटा सामायिक संसाधनांतून येत असल्याचे सात राज्यांतील पाहणीत आढळले (जोधा, १९८६).’

बघ, ‘पाहणीत आढळले’ आलं की पुरावा कुठल्या जातीचा ते कळलं, आणि नावाशिवायही वाक्य आपल्या पायावर उभं आहे.

मात्र पुढच्या एखाद्या सेक्शनमध्ये तू जोधांची पद्धतच तपासणार असशील, म्हणजे त्यांनी गावं कशी निवडली, कुटुंबांना काय विचारलं आणि तू माणमध्ये वेगळं काय केलंस, तर तिथे हेच जोधा वाक्यात यायला हवेत. एका स्रोताला एकदा कंस दिला म्हणून कायम कंसच द्यायचा असं काही नसतं, मुलं असं ठरवून टाकतात आणि मग अडकतात.

ऑस्ट्रम वाक्यातच हव्यात, कारण त्या हार्डिनना उत्तर देतायत. पण आत्ता तुझी ती दोन वाक्यं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत, दोघांचं भांडण आहे हे वाचणाऱ्याने स्वतःच ओळखायचं. ऑस्ट्रमनी १९९०च्या पुस्तकात जुन्या, खरोखर टिकलेल्या व्यवस्था घेतल्या, स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावांची सामायिक रानं, स्पेन आणि फिलिपाइन्समधले पाटपाण्याचे गट. हार्डिनच्या कल्पनेतल्या कुरणासमोर त्यांनी खरी कुरणं ठेवली, हा त्या उत्तराचा जीव आहे आणि तोच तुझ्या वाक्यातून गळालाय. तो आणला की ‘याउलट’, ‘दुसरीकडे’ असले शब्द शोधायची गरजच पडत नाही, वाक्यातला मजकूरच मागच्या वाक्याला जाऊन भिडतो.

ऑस्ट्रमच्या बाबतीत एक मराठीतलीच अडचण आहे. इंग्रजीत आडनावापुढे क्रियापद आलं की बाई की पुरुष हा प्रश्न येत नाही, मराठीत येतो. ‘ऑस्ट्रम असे म्हणाले’ असं मी दोन-तीन ड्राफ्टमध्ये पाहिलंय. एलिनॉर ऑस्ट्रम बाई होत्या, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या बाई, २००९मध्ये, त्यामुळे विषय जाणणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यात ते पटकन खुपतं आणि मूळ पुस्तक हातात घेतलंच नाही की काय अशी शंका येते. तेव्हा नाव वाक्यात घ्यायचं ठरवलंस की आधी ती व्यक्ती कोण आहे ते बघून घे. बघूनही कळलं नाही तर ‘यांनी’ची रचना वापर, ‘यांनी दाखवले’, ‘यांनी मांडणी केली’, तिथे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. किंवा नाव सरळ कंसात टाक, तिथे प्रश्नच येत नाही.

हा ‘यांनी’ अजून एका कामाला येतो. मराठीत प्रत्यय नावालाच चिकटतो आणि मध्ये वर्षाचा कंस आला की कुठे काय चिकटवायचं कळत नाही, मग ‘ऑस्ट्रम (१९९०)नी’ किंवा ‘ऑस्ट्रमच्या (१९९०)’ असं काहीतरी होऊन बसतं. नाव मोकळं, मग वर्ष, मग ‘यांनी’, ‘यांच्या’, ‘यांना’ जे लागेल ते, असं ठेवलं की प्रत्ययाचं ओझं नावावर येत नाही. पण हे फक्त नाव वाक्यात असेल तेव्हा. मी सगळ्यात जास्त वेळा खोडते ती चूक ही आहे: ‘(ऑस्ट्रम, १९९०) यांच्या मते लोक स्वतः नियम करतात.’ तुझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये नावं कंसात हलवताना हे दोन-तीन ठिकाणी झालं असणार, शोध. ओळखायला सोपं आहे, वाचताना कंस गिळून टाक. ‘यांच्या मते लोक स्वतः नियम करतात’ उरलं, कोणाच्या? वाक्य मोडलं. कंसातलं सगळं काढूनही वाक्य पूर्ण राहिलं पाहिजे. ‘ऑस्ट्रम (१९९०) यांनी’ मधला कंस गिळला तर ‘ऑस्ट्रम यांनी’ उरतं, ते नीट आहे.

तू झोटेरो वापरत असशील तर ही चूक तिथूनही येते, कारण ते आपणहून नेहमी नाव आणि वर्ष दोन्ही कंसात घालतं. नाव वाक्यात हवं असेल तर नाव आपण टाइप करायचं आणि सायटेशन घालताना त्या एंट्रीवर क्लिक करून `Omit Author` वर टिक करायची (जुन्या व्हर्जनमध्ये `Suppress Author`), म्हणजे कंसात नुसतं वर्ष राहतं. टिक विसरली की ‘ऑस्ट्रम (ऑस्ट्रम, १९९०) यांनी’ असं दोनदा छापलं जातं. आणि हाताने कंसातलं नाव डिलीट करू नकोस, पुढच्या रिफ्रेशला ते परत येऊन बसतं.

आता वेड. यांचं नाव वाक्यात घ्यायचं की कंसात याबद्दल मी स्वतः थोडा वेळ विचार केला. वेडनी आंध्र प्रदेशातली कालव्यावरची गावं पाहिली आणि त्यांना दिसलं की कालव्याच्या टेलकडची, पाण्याची खात्री नसलेली गावं जास्त बांधलेली असतात, म्हणजे पाणी वाटायला माणूस नेमणं, राखण ठेवणं हे सगळं तिथे जास्त सापडतं. तुझं म्हणणं सिद्ध करायला एवढा निष्कर्ष पुरेसा असता तर मी कंस म्हटलं असतं. पण तू पुढे माणमधल्या गावांची त्या गावांशी तुलना करणार आहेस, म्हणजे वाचणाऱ्याला ‘वेडची गावं’ ही गोष्ट लक्षात राहायला हवी, पाच पानांनी तू ‘वेड यांच्या गावांप्रमाणे इथे’ म्हणशील तेव्हा त्याला ती आठवायला हवीत. म्हणून नाव वाक्यात घे, पण कर्त्याच्या जागी नको. सलग तीन वाक्यं ‘अमुक यांनी, तमुक यांनी’ अशी सुरू झाली की परत रांग लागते. मराठीकडे यावर फार चांगला उपाय आहे आणि आपण तो इंग्रजी वाचून वाचून विसरतो, नामाच्या आधी सगळं विशेषण म्हणून लावायचं: ‘वेड (१९८८) यांनी आंध्र प्रदेशात अभ्यासलेल्या गावांत…’ इथे कर्ता गावं किंवा त्यातल्या व्यवस्था होतात, माणूस विशेषणात जाऊन बसतो आणि तरी नाव ऐकू येतं. ‘ऑस्ट्रम (१९९०) यांनी मांडलेली आठ तत्त्वे’, ‘हार्डिन (१९६८) यांनी कल्पिलेले कुरण’, हे असंच. नाव वाक्यात की कंसात या दोनच्या मधली ही तिसरी जागा आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते, फक्त त्या विशेषणात चार-पाच शब्दांहून जास्त कोंबू नकोस, नाहीतर नाम येईपर्यंत वाचणाऱ्याचा दम जातो.

आता गाइडच्या दुसऱ्या तक्रारीकडे येते, तुझं काय आणि त्यांचं काय. माझ्या एम.फिल.च्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्या एका पॅराग्राफवर बोट ठेवून विचारलं होतं, सहा वाक्यं आहेत आणि शेवटी एक कंस, ही सहाच्या सहा वाक्यं त्यांची की शेवटचं एकच? मला सांगता आलं नाही, कारण त्यातली दोन माझी होती आणि मी ती त्यांच्यामध्ये मिसळून टाकली होती. तेव्हापासून मी कंसाकडे कुंपणासारखी बघते. कंस जिथे येतो तिथपर्यंतचं त्यांचं, पुढचं तुझं. पण वाचणाऱ्याला कुंपण कुठून सुरू झालं हे कंसातून कळत नाही, फक्त कुठे संपलं ते कळतं, आणि मराठीत क्रियापद शेवटी असल्याने कंस सवयीने थेट पूर्णविरामाआधी जातो, म्हणजे मागचं सगळंच त्याच्या पोटात गेल्यासारखं वाटतं. हे वाक्य बघ:

‘गरीब कुटुंबे सामायिक संसाधनांवर अवलंबून असतात, तरी माण तालुक्यात गायरानांच्या नोंदीही नीट ठेवल्या जात नाहीत (जोधा, १९८६).’

जोधांनी १९८६मध्ये माणमधल्या आजच्या नोंदींबद्दल लिहिलं असं यातून निघतं, तुला तसं म्हणायचं नव्हतं. कंस फक्त अर्ध्या वाक्याचा असेल तर तो अर्ध्यावरच घाल, क्रियापदाची वाट बघू नकोस:

‘गरीब कुटुंबे सामायिक संसाधनांवर अवलंबून असतात (जोधा, १९८६), तरी माण तालुक्यात गायरानांच्या नोंदीही नीट ठेवल्या जात नाहीत.’

स्वल्पविराम कंसाच्या नंतर, आधी नाही. आता स्वल्पविरामाच्या अलीकडे जोधा आणि पलीकडे तू. पलीकडच्या म्हणण्याला तुझ्या फील्ड नोट्सचा आधार असेल तर तेही तिथेच सांग.

आणि एकाच स्रोतावर तीन-चार वाक्यं चालणार असतील तर कंस हे चुकीचं हत्यार आहे. तिथे नाव वाक्यात घेऊन दार उघड, पुढच्या वाक्यांत ‘त्यांनी’, ‘या पाहणीत’, ‘त्यांच्या युक्तिवादाप्रमाणे’ असे धागे ठेव, आणि स्वतः बोलायला लागलीस की तेही उघड सांग, ‘माण तालुक्यात मात्र’, ‘माझ्या पाहणीत’. नाव वाक्यात घेण्याचा मोठा उपयोग हाच आहे, कुंपण कुठे सुरू झालं ते त्यातून कळतं. तू सगळी नावं कंसात टाकलीस तेव्हा सुरुवातीच्या सगळ्या खुणा एकदम गेल्या, म्हणून गाइडना कळेनासं झालं.

आता या सगळ्याने तुझा पॅराग्राफ मी असा लिहीन. भाषा थिसिसची ठेवलीय:

‘सामायिक संसाधनांविषयीची चर्चा बहुतेक वेळा हार्डिन (१९६८) यांच्या कुरणापासून सुरू होते. सर्वांना खुल्या असलेल्या कुरणावर प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत नेतो, कारण वाढीव जनावराचा लाभ त्याला एकट्याला मिळतो आणि चराईचा तोटा मात्र सर्वांत वाटला जातो. म्हणून अशा कुरणाचा नाश अटळ आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे कुरण काल्पनिक होते. स्वित्झर्लंड, जपान, स्पेन आणि फिलिपाइन्समधील प्रत्यक्ष टिकलेल्या व्यवस्था तपासून ऑस्ट्रम (१९९०) यांनी दाखवले, की वापरणारे लोक स्वतः नियम करून आणि त्यांच्या पालनावर लक्ष ठेवून असे संसाधन पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात. पुढे १९९८ मध्ये हार्डिन यांनीही मान्य केले, की मूळ लेखात “व्यवस्थापन नसलेले” हे विशेषण राहून गेले होते. असे व्यवस्थापन कोणत्या गावांत उभे राहते, याचे एक उत्तर वेड (१९८८) यांनी आंध्र प्रदेशात अभ्यासलेल्या गावांतून मिळते: कालव्याच्या शेवटाकडच्या, पाण्याची खात्री नसलेल्या गावांत सामूहिक व्यवस्था अधिक आढळल्या. कोरडवाहू भागांत हा प्रश्न पोटाचाही आहे, कारण गरीब कुटुंबांच्या उत्पन्नातील १४ ते २३ टक्के वाटा सामायिक संसाधनांतून येत असल्याचे सात राज्यांतील पाहणीत आढळले (जोधा, १९८६). माण तालुक्यातील गायरानांकडे मी याच दोन बाजूंनी पाहते: नियम कोण करतो, आणि ते मोडले तर कोणाचे किती अडते.’

यात मी दोन गोष्टी आगाऊ केल्यात त्या सांगते. ‘हे कुरण काल्पनिक होते’ या वाक्याला कंस नाही, कारण ते तुझं निरीक्षण आहे, लेख वाचून केलेलं, आणि त्या चार शब्दांवर पुढचं ऑस्ट्रमचं वाक्य वळतं. असं छोटं स्वतःचं वाक्य दोन स्रोतांच्या मध्ये आलं की ते दोघं एकमेकांशी बोलायला लागतात. यादी आणि लेखन यातला फरक मला तरी इथेच दिसतो.

दुसरं, १९९८चं वाक्य. हार्डिननी तीस वर्षांनी आपल्याच लेखाबद्दल परत लिहिलं आणि ते विशेषण राहून जाणं ही आपली चूक होती असं म्हटलं. ही घडामोड आहे, एकामागून एक झालेली, आणि घडामोडीत वर्ष हा गोष्टीचा भाग असतो, म्हणून ते कंसातून बाहेर काढून ‘१९९८ मध्ये’ असं सरळ वाक्यात घेतलं. एपीएला हे चालतं, नाव आणि वर्ष दोन्ही वाक्यात असतील तर वेगळा कंस लागत नाही. पण हे सगळीकडे करू नकोस, वर्षाला खरंच अर्थ असेल तिथेच, नाहीतर ‘१९८६ मध्ये जोधा यांनी, १९८८ मध्ये वेड यांनी’ अशी नवी रांग लागेल. तू १९९८चा लेख अजून वाचला नसशील तर आधी वाच आणि मगच हे वाक्य घे, माझ्या सांगण्यावरून घेऊ नकोस.

वर्ष परत परत लिहायचं का हा प्रश्न तुला पुढे येईलच. एकाच पॅराग्राफमध्ये ऑस्ट्रम वाक्यात परत आल्या तर दुसऱ्यांदा नुसतं ‘ऑस्ट्रम यांनी’ पुरतं, नवा पॅराग्राफ सुरू झाला की वर्ष परत द्यायचं. कंसात मात्र दर वेळी वर्ष हवंच. हार्डिनला ही सवलत नाही कारण तुझ्या यादीत त्यांचे आता दोन लेख झालेत, नुसतं ‘हार्डिन’ म्हटलं तर कुठला ते कळणार नाही, तेव्हा त्यांच्यासोबत दर वेळी वर्ष ठेव. माझ्या पॅराग्राफमध्ये ‘त्यांचा युक्तिवाद होता’ असं आहे ते चालतं कारण ते मागच्याच वाक्याला धरून आहे.

एकाच म्हणण्याला तीन-चार आधार असतील तर ते कंसातच शोभतात, वाक्यात घेतले तर ‘ऑस्ट्रम (१९९०), वेड (१९८८) आणि जोधा (१९८६) यांनी’ एवढं वाचेपर्यंत विषय विसरायला होतो. कंसात अर्धविरामाने तोड आणि संदर्भसूचीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने लाव, वर्षाच्या नाही. मराठी वर्णानुक्रमाने सूची असेल तर (ऑस्ट्रम, १९९०; जोधा, १९८६; वेड, १९८८). नावाचं स्पेलिंग पहिल्यापासून एकच ठेव, एका पानावर ऑस्ट्रम आणि दुसऱ्यावर ओस्ट्रॉम झालं की सूचीत शोधणारा चुकतो.

बाकीच्या पानांसाठी एक काम कर, स्क्रीनवर नको, प्रिंट काढून. प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दाभोवती पेन्सिलने गोल कर, आडनाव असेल तर. सलग तीन गोल दिसले तिथे थांब आणि मधल्या नावाला ‘एका अभ्यासकाने’ची चाचणी लाव, ते कंसात जाईल नाहीतर विशेषणात. मग दुसऱ्या रंगाने प्रत्येक कंसापासून मागे रेघ ओढत जा, जिथपर्यंत ते म्हणणं खरंच त्या माणसाचं आहे तिथपर्यंतच. रेघ तुझ्या स्वतःच्या शब्दांवरून जायला लागली की कंस अलीकडे सरकव किंवा वाक्य तोड. एका पानाला सुरुवातीला पाऊण तास सहज जाईल, आणि तू सगळं कंसात हलवलेला तो दुसरा ड्राफ्ट बाजूला ठेव, हे पहिल्यावरच कर, त्यात निदान कोण बोलतंय ते तरी शिल्लक आहे.